कालवा किती रुंद, किती खोल? मॅनिंगचं सूत्र आणि त्यातला एक अंदाजाचा आकडा

उन्हाळी आवर्तन सुटलं की कालव्यावरच्या गावांत तीच तक्रार ऐकू येते. हेडला, म्हणजे सुरुवातीच्या भागात, कालवा तुडुंब वाहतो आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, चाऱ्या कोरड्या राहतात. धरणावरून सांगतात, ठरल्याएवढं पाणी सोडलंय. टेलचा शेतकरी म्हणतो, आमच्यापर्यंत आलंच नाही. मधे पाणी उपसलं जातं आणि गळतीही होते, हे खरं आहे. पण आणखी एक कारण असतं, त्याची चर्चा कमी होते. कालवा ज्या मापाने खोदला, तेवढं पाणी वाहून नेण्याची त्याची ताकदच कमी झालेली असते.

ही ताकद ठरते कशी, ते समजून घ्यायला कालव्याची मापं कशी काढतात ते पाहावं लागतं. गणित दहावीच्या पलीकडचं नाही. अडचण आहे ती एकाच आकड्याची, आणि तो आकडा कोणी मोजून आणलेला नसतो.

## आधी आकार

कालवा आडवा कापला तर समलंब चौकोन दिसतो. तळ सपाट असतो आणि दोन्ही बाजू बाहेरच्या अंगाला कललेल्या असतात. बाजू उभ्या ठेवल्या तर माती ढासळते, म्हणून हा कल द्यावा लागतो. साधारण मातीत 'दीडास एक' हा कल पुष्कळदा घेतात. म्हणजे एक मीटर वर चढताना दीड मीटर बाहेर सरकायचं. कठीण मुरमात तो कमी ठेवता येतो, भुसभुशीत मातीत वाढवावा लागतो.

बाजूचा कल असा मातीने ठरवला. किती पाणी न्यायचं, म्हणजे विसर्ग, तो लाभक्षेत्राच्या गरजेवरून ठरतो. कालवा लांबीच्या दिशेने किती उतरत जाणार, हे जमिनीच्या चढउतारावरून ठरतं. उरतात दोनच गोष्टी, तळरुंदी आणि पाण्याची खोली. त्या काढायच्या आहेत.

## एकसमान प्रवाह म्हणजे काय?

उतारावरचं पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली ओढलं जातं. मग ते दर किलोमीटरला अधिकाधिक वेगाने का धावत नाही? कारण तळ आणि बाजू त्याला घर्षणाने मागे धरतात. वेग वाढला की घर्षणही वाढतं आणि लवकरच दोन्ही ओढी बरोबरीला येतात. तिथून पुढे वेग बदलत नाही, खोलीही बदलत नाही आणि पाण्याचा पृष्ठभाग तळाशी समांतर राहतो. याला एकसमान प्रवाह म्हणतात.

सगळा हिशेब या अवस्थेसाठी आहे. गेटच्या अलीकडे पाणी तुंबलेलं असतं, फॉलच्या, म्हणजे पाणी पायरीसारखं एकदम खाली उतरवणाऱ्या बांधकामाच्या, तोंडाशी ते पातळ होऊन पडत असतं. अशा जागी हे गणित लावलं तर उत्तर येतं, पण ते चुकीचं असतं. कालव्याच्या लांब, सरळ, अडथळा नसलेल्या भागातच ते चालतं.

## सूत्र आणि त्यातली अक्षरं

```
A = (b + m*y) * y
P = b + 2*y*√(1 + m²)
R = A / P
Q = (1/n) * A * R^(2/3) * √S
```

`b` तळरुंदी, `y` पाण्याची खोली, `m` बाजूचा कल (आपल्याकडे १.५), `S` लांबीचा उतार आणि `Q` विसर्ग. सगळी मापं मीटरमध्ये आणि विसर्ग घनमीटर प्रतिसेकंदात. बातम्यांत येतो तो क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एका घनमीटरचे सुमारे ३५.३ क्युसेक होतात.

`A` म्हणजे पाण्याने व्यापलेलं क्षेत्रफळ. `P` म्हणजे पाण्याला टेकलेली माती: तळाची आणि दोन्ही बाजूंची ओली लांबी मिळून. हवेला टेकलेला वरचा पृष्ठभाग यात धरत नाहीत, कारण हवा पाण्याला फारशी अडवत नाही. या दोन्हींच्या भागाकाराला `R` म्हणतात. खरी गोम त्याच्यात आहे. वारीतली दिंडी रुंद रस्त्याने जाते तेव्हा कडेचे मोजके वारकरी भिंतींना घासतात आणि बाकीचे मोकळे चालतात. तेवढीच माणसं बोळात शिरली की प्रत्येक ओळीतले निम्मे जण भिंतीला घासतात आणि सगळी दिंडी रेंगाळते. `R` जेवढा मोठा, तेवढं दर ओल्या मीटरमागे मोकळं पाणी जास्त.

राहिला `n`. हा खडबडीतपणाचा आकडा. गुळगुळीत काँक्रीटला तो लहान, गवताळ मातीला मोठा. सूत्रात तो छेदात आहे, म्हणून `n` दुप्पट झाला की त्याच खोलीला विसर्ग निम्मा होतो.

## हे २/३ आलं कुठून?

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. हा घातांक कुठल्या मूलभूत नियमातून सिद्ध होऊन आलेला नाही. रॉबर्ट मॅनिंग हे आयर्लंडचे अभियंते. त्यांनी १८८९ मध्ये तिथल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपला निबंध वाचला. त्या काळी प्रचारात असलेली सात सूत्रं त्यांनी घेतली, वेगवेगळ्या `R` साठी प्रत्येकाने येणारा वेग काढला आणि त्यांच्या सरासरीला सर्वांत चांगली बसेल अशी रेषा शोधली. मग प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिलं. घातांक थोडा इकडे, थोडा तिकडे येत होता. तो त्यांनी २/३ ठरवला. फ्रान्सच्या गोक्लेर यांनी १८६७ मध्येच जवळपास हेच सुचवलं होतं, पण नाव रूढ झालं मॅनिंगचं. गंमत म्हणजे खुद्द मॅनिंग यांना हे रूप फारसं पसंत नव्हतं.

म्हणजे हे अनुभवातून बसवलेलं सूत्र आहे. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ टिकलं, कारण कालव्यांच्या नेहमीच्या मापांत ते पुरेसं बरोबर येतं.

## एक वितरिका काढून पाहू

समजा, मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या एका वितरिकेतून सेकंदाला ३ घनमीटर, म्हणजे सुमारे १०६ क्युसेक, पाणी न्यायचं आहे. कालवा मातीचा, बाजू दीडास एक, उतार २५०० मीटरला एक मीटर. बऱ्या स्थितीतल्या मातीच्या कालव्याला `n` ०.०२२५ धरण्याचा प्रघात आहे, तोच घेऊ.

आधी माहीत असलेल्या गोष्टी एका बाजूला करायच्या. १/२५०० चं वर्गमूळ ०.०२. विसर्ग ३ गुणिले ०.०२२५ भागिले ०.०२, उत्तर ३.३७५. आता अशी तळरुंदी आणि खोली शोधायची की `A` गुणिले `R` चा २/३ घात बरोबर ३.३७५ यावा.

खोली थेट सोडवता येत नाही, कारण ती `A` मध्ये आहे आणि `R` मध्येही आहे. म्हणून अदमासाने सुरुवात करायची. तळरुंदी २ मीटर धरू. खोली १ मीटर घेतली तर क्षेत्रफळ ३.५ चौरस मीटर, ओली लांबी ५.६१ मीटर, `R` ०.६२४ आणि गुणाकार येतो २.५६. कमी पडला. खोली १.२० मीटर केली तर ३.६७. आता जास्त झाला. १.१५ मीटरला क्षेत्रफळ ४.२८, ओली लांबी ६.१५, `R` ०.६९७ आणि गुणाकार ३.३७. जमलं. एक्सेलमध्ये हेच काम 'गोल सीक' क्षणात करतं. तरी दोनतीनदा हाताने करून पाहावं. खोली जराशी वाढली की विसर्ग किती झपाट्याने वाढतो, ते तेव्हा अंगात भिनतं.

वेग किती? ३ भागिले ४.२८, म्हणजे सेकंदाला ०.७० मीटर. ही तपासणी टाळायची नसते. साध्या मातीत ढोबळमानाने ०.६ ते ०.९ मीटरपर्यंतचा वेग चालतो. त्याहून जास्त झाला तर तळ आणि बाजू खरवडल्या जातात. फार कमी झाला तर गाळ बसतो आणि पाणवनस्पती मूळ धरतात. आपला ०.७० मधोमध आहे.

शेवटी पाण्याच्या वर मोकळा काठ ठेवायचा, त्याला फ्री बोर्ड म्हणतात. इथे अर्धा मीटर धरू. एकूण खोली १.६५ मीटर झाली आणि काठापाशी रुंदी ६.९५ मीटर. सेवापथ आणि भराव त्याच्या बाहेर.

## तळरुंदी २ मीटरच का?

आकडा मी धरला खरा, पण तसं दुसरंही उत्तर चाललं असतं. तळ ४ मीटर घेतला तर त्याच विसर्गाला खोली ०.८६ मीटर पुरते. क्षेत्रफळ ४.५५ चौरस मीटर, म्हणजे आधीपेक्षा फक्त ६ टक्के जास्त. रुंदी दुप्पट झाली तरी पाण्यासाठी लागणारी जागा फारशी वाढली नाही.

पाठ्यपुस्तकांत 'सर्वांत किफायतशीर छेद' नावाचं एक प्रकरण असतं. कमीत कमी क्षेत्रफळात तेवढंच पाणी नेणारा आकार त्यात काढतात. आपल्या वितरिकेसाठी तो काढला तर तळरुंदी येते ०.८६ मीटर आणि खोली १.४२. क्षेत्रफळ ४.२४. आपल्या ४.२८ पेक्षा जेमतेम एक टक्का कमी! या एका टक्क्यासाठी कालवा पाव मीटर जास्त खोल न्यायचा, खाली खडक लागला तर तो फोडायचा आणि इतक्या अरुंद तळात यंत्र उतरवायचं. माझ्या मते या प्रकरणाला परीक्षेत जेवढे गुण मिळतात तेवढी त्याची प्रत्यक्षात किंमत नाही. किफायतशीर आकाराच्या आसपास क्षेत्रफळ फारसं बदलतच नाही, त्यामुळे रुंदी आणि खोली जमीन, खडक आणि भूसंपादन पाहून ठरवायला अभियंता बऱ्यापैकी मोकळा असतो.

## मग उतारच वाढवला तर?

दिसायला सोपा उपाय. पण उतार वर्गमुळाच्या आत आहे, म्हणजे तो दुप्पट केला तर विसर्ग दीडपटही होत नाही. शिवाय त्याची किंमत जमिनीत मोजावी लागते. आपला कालवा दर किलोमीटरला ४० सेंटिमीटर उतरतो. १२ किलोमीटरनंतर तो ४.८ मीटर खाली आलेला असतो. उतार निम्मा असता तर तो २.४ मीटरच खाली आला असता. कालवा डोंगराच्या कडेने समपातळीला धरून चालतो आणि त्याच्या खालच्या अंगाची जमीनच आपोआप भिजते. जो कालवा जितका उंचावर राहील, तितकं जास्त रान त्याच्या कवेत येतं. म्हणून उतार जपून खर्च करतात. जमीन त्याहून वेगाने उतरत असेल तिथे जास्तीची उंची फॉल बांधून एका जागी उतरवतात.

## खरा प्रश्न: `n` कोण ठरवतं?

क्षेत्रफळ टेपने मोजता येतं, उतार लेव्हलिंगने. `n` मात्र तक्त्यातून उचलतात. काँक्रीटच्या अस्तराला ०.०१८ च्या आसपास, चांगल्या मातीच्या कालव्याला ०.०२२५, गवत आणि पाणवनस्पती माजल्या की ०.०३५ किंवा त्याहूनही वर. कागदावरचा आकडा बांधकामाच्या दिवसाचा असतो, पाणी मात्र पुढची अनेक वर्षं त्या कालव्यातून वाहणार असतं.

आपल्या वितरिकेत दोनतीन हंगाम साफसफाई झाली नाही आणि `n` ०.०३५ वर गेला, असं धरू. १.१५ मीटर खोलीला ती आता ३ च्या जागी फक्त १.९२ घनमीटर नेते. सुमारे ३६ टक्के घट. हेडला तरीही ३ घनमीटरच सोडले तर पाणी वर चढतं. किती? पुन्हा तोच अदमासाचा खेळ केला की उत्तर येतं १.४३ मीटर. पाणी २८ सेंटिमीटर वर आलं आणि अर्धा मीटर फ्री बोर्डापैकी २२ सेंटिमीटरच उरला.

आता सुरुवातीची तक्रार पाहा. पाणी चढलं की हेडकडच्या आउटलेटवर पाण्याचा दाब वाढतो आणि ती ठरल्यापेक्षा जास्त पाणी ओढतात. भरावाच्या कमकुवत जागी पाणी काठाला टेकायला लागलं की विसर्ग कमी करण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि कमी केला की तुटवडा टेलला येतो. हेडला कालवा भरलेला दिसतो, कारण तो खरंच भरलेला असतो. भरलेला असणं आणि वाहता असणं एक नाही.

म्हणूनच जाणता अभियंता `n` चे दोन आकडे वापरतो. क्षमता ठरवताना तो चढा `n` धरतो, म्हणजे कालवा खडबडीत झाला तरी पाणी मावेल. वेग तपासताना उतरता `n` धरतो, म्हणजे नवा, स्वच्छ कालवा असतानाही माती खरवडली जाणार नाही. आपल्या वितरिकेला `n` ०.०२० धरून पाहिलं तर खोली १.०८ मीटर आणि वेग ०.७६ येतो. चालण्यासारखा आहे.

## अस्तर केलं की प्रश्न मिटतो ना?

काही अंशी. त्याच मापावर काँक्रीटचं अस्तर केलं आणि `n` ०.०१८ मिळाला, तर ३ घनमीटरला खोली १.०३ मीटर पुरते. ऐकायला छान वाटतं. पण पाण्याची पातळी १२ सेंटिमीटर खाली गेली, आणि जुनी आउटलेट जुन्या पातळीला बसवलेली आहेत. त्यांना दाब कमी मिळतो आणि शेतकरी म्हणतो, अस्तर झाल्यापासून पाणी कमी झालं. तो खोटं बोलत नसतो. उपाय म्हणजे अस्तर करताना तळ अरुंद करायचा. तळरुंदी १.४ मीटर केली तर खोली पुन्हा १.१५ वर येते आणि पातळी राखली जाते.

दुसरा आक्षेप गळतीचा. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला शेतकऱ्यांनी विरोध केला, तो विहिरींना मिळणारा पाझर बंद होईल या भीतीने. या वादाचा निकाल मॅनिंगच्या सूत्रात शोधू नये. ते गळतीबद्दल काहीच सांगत नाही. छेदात शिरलेलं सगळं पाणी छेदातूनच पुढे जातं, असं ते धरून चालतं. गळती वेगळी मोजून मूळ विसर्गात मिळवावी लागते.

## उत्तरेतल्या कालव्यांना वेगळं सूत्र का?

पंजाब, उत्तर प्रदेशातले मोठे कालवे नद्यांवरच्या बंधाऱ्यांतून निघतात, म्हणून त्यांच्यात बारीक गाळ भरपूर असतो. असा कालवा आपला तळ आणि बाजू स्वतःच घडवत असतो. तिथे केनेडी आणि लेसी या अभियंत्यांची पद्धत आली. ती पाण्याबरोबर गाळाचाही हिशेब करते. आपल्याकडचे बहुतेक कालवे धरणातून निघतात. गाळ जलाशयातच बसलेला असतो आणि काठ मुरूम-मातीचे असतात. अशा ठिकाणी, आकार बदलत नाही असं धरून मॅनिंग लावायला हरकत नसते.

## आपल्या कालव्याचा `n` काढायचा कसा?

हे गावातही करता येतं. गेट आणि फॉलपासून दूर, सरळ असा ५० मीटरचा टप्पा निवडायचा. त्याच्या दोन्ही टोकांना खोली सारखी आहे ना, ते आधी पाहायचं. नसेल तर तिथला प्रवाह एकसमान नाही आणि पुढचा हिशेब फुकट जाईल. मग मधोमध एखादा नारळ सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला पोचायला लागणारा वेळ मोजायचा. वारा नसताना तीनचारदा करून सरासरी घ्यायची.

समजा, १०० सेकंद लागले. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. वरचं पाणी सरासरीपेक्षा वेगाने धावतं, म्हणून याला ०.८५ ने गुणतात. सरासरी वेग ०.४२५. खोली १.४० मीटर निघाली आणि तळ-बाजू मूळ मापाला धरून असल्या, तर `R` ०.८१४ येतो. सूत्र उलटं फिरवायचं: `R` चा २/३ घात ०.८७२, गुणिले ०.०२, भागिले ०.४२५. `n` आला ०.०४१.

मूळ आराखड्यातल्या ०.०२२५ शेजारी हा आकडा ठेवून अर्ज द्यावा. पण त्याआधी कालव्यात पाणी नसताना तळाची पातळी एकदा तपासून घ्यावी. गाळाने तळ वर आला असेल तर खरी खोली आणि क्षेत्रफळ वेगळं असतं, उतारही बदललेला असू शकतो, आणि मग हा ०.०४१ सगळा गवताच्या माथी मारता येत नाही. गवत काढल्यावर त्याच टप्प्यात, तेवढाच विसर्ग असताना, नारळ पुन्हा सोडावा. वेग वाढून पातळी उतरली तर दोष गवताचाच होता. फारसा फरक पडला नाही, तर खालच्या अंगाला काय अडलंय ते शोधायचं: बुजलेली मोरी, अर्धवट उघडलेलं गेट किंवा कोणीतरी पाणी फुगवायला टाकलेला दगडांचा बांध.